दंड रोख घेणाऱ्यालाच का? द्राक्षाच्या एका सौद्यामागचा कायदा

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांना आयकर खात्याचं पहिलं पत्र आलं, तेव्हा ते फारसे घाबरले नव्हते. २०२२-२३ मध्ये त्यांच्या बचत खात्यात ११ लाखांच्या आसपास रोख भरली गेली होती. वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ती माहिती खात्याला कळवते, त्यामुळे पैसा कुठला हे विचारलं जाणारच होतं. त्यांनी द्राक्षाची सौदा पावती, वजनाच्या चिठ्ठ्या आणि सातबारा जोडून उत्तर दिलं. शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही, विषय संपला असं त्यांना वाटलं. पण त्याच पावतीवरून दुसरी नोटीस निघाली: सौद्यापोटी ६,२२,००० रुपये रोख घेतले, तेवढाच दंड का लावू नये?

ते माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन. "पैसे त्याने रोखीत दिले, मी मागितले नव्हते. मग नोटीस मला का?"

याचं उत्तर चाळीस वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. त्या काळी आयकराच्या छाप्यात घरात बेहिशेबी रोकड सापडली की ठरलेलं उत्तर मिळायचं: हे तर मेव्हण्याकडून हातउसने घेतलेत. मेव्हणाही मागाहून तसं लिहून द्यायचा. ही पळवाट बंद करायला १९८४ च्या वित्त कायद्याने कलम २६९ एसएस आणलं. १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज वा ठेव घ्यायची तर ती अकाउंट पेयी चेकने किंवा ड्राफ्टने. १९८९ पासून ही मर्यादा २०,००० झाली. रोकड सापडायची ती घेणाऱ्याच्या घरात आणि खोटं स्पष्टीकरणही त्याचंच असायचं, म्हणून बंधन घेणाऱ्यावर आलं. आजचे कायदेही हाच साचा वापरतात.

सुरुवातीला शिक्षा भलतीच कडक होती. दोन वर्षांपर्यंत कैद आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड. १ एप्रिल १९८९ पासून तुरुंगाची तरतूद गेली, रकमेएवढा दंड मात्र कलम २७१ डी मध्ये राहिला. त्याच्या जोडीला कलम २७३ बी होतं: वाजवी कारण होतं हे सिद्ध केलं तर दंड नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००२ मध्ये ए. बी. शांती प्रकरणात न्यायालयाने कलम वैध ठरवलं. देणारा सुटतो आणि घेणारा अडकतो, हा भेदभाव असल्याचा आक्षेप तेव्हाही होता. तो टिकला नाही. पण व्यवहार खरा असेल आणि प्रामाणिक अडचणीमुळे चेकने पैसे घेता आले नसतील, तर दंड न लावण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. रोखीच्या दंडावरचं बहुतेक प्रत्येक उत्तर आजही या वाक्याला धरून लिहिलं जातं.

इथपर्यंत कायदा कर्ज आणि ठेवींपुरता होता. जून २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारातला इसार त्यात आला. विक्रीची रोकड मात्र मोकळीच होती. न्यायमूर्ती एम. बी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या काळ्या पैशावरील विशेष तपास पथकाने २०१६ मध्ये ३ लाखांवरच्या रोख व्यवहारांवर बंदी सुचवली. नोटाबंदीनंतरच्या अर्थसंकल्पात ती कलम २६९ एसटी म्हणून आली आणि विधेयक मंजूर होताना आकडा ३ वरून २ लाखांवर उतरला. १ एप्रिल २०१७ पासून कोणीही व्यक्ती २ लाख किंवा जास्त रोख घेऊ शकत नाही. 'किंवा जास्त' हे शब्द लोक वाचतच नाहीत. बरोबर २ लाख घेतले तरी नियम मोडतो, १,९९,९९९ चालतात.

मोजणी तीन बाजूंनी होते. एका माणसाकडून एका दिवसात किती घेतले, एका व्यवहारापोटी किती घेतले, आणि एकाच माणसाकडून एका प्रसंगापोटी किती घेतले. तिसरी बाजू मंगल कार्यालयवाले आणि केटरर्सना जास्त छळते. आपल्या बागायतदारांना नडली ती दुसरी.

सौदा असा होता. दोन एकर बाग, ३८ रुपये किलो, माल भरला १९० क्विंटल. एकूण ७,२२,००० रुपये. १ लाख बयाणा व्यापाऱ्याने ऑनलाइन पाठवला. खुडा तीन दिवस चालला: शुक्रवार १७ मार्च २०२३ ला १,९०,००० रोख, शनिवारी १,९०,०००, आणि रविवारी १९ तारखेला उरलेले २,४२,०००. पहिल्या दोन दिवसांचे आकडे व्यापाऱ्यानेच २ लाखांच्या खाली बसवले होते. त्यालाही नियम ऐकून माहीत होता, पण अर्धाच. पावतीवर बाग एक, दर एक, सौदा एक. म्हणजे व्यवहार एकच, आणि त्यापोटी रोख ६,२२,०००. हप्ते पाडले म्हणून व्यवहार तीन होत नाहीत.

रोज वेगळा दर ठरला असता, रोजच्या मालाची वेगळी पावती फाटली असती, तर तीन स्वतंत्र विक्री म्हणता आल्या असत्या आणि वाद फक्त रविवारच्या २,४२,००० चा उरला असता. उत्तरात हा मुद्दा पर्यायी म्हणून घालता येतो, पण पावती आपल्या विरुद्ध बोलत असताना त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. मागच्या तारखेच्या नव्या पावत्या करून आणणारेही भेटतात. त्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

शेतकऱ्याला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. धंद्यात दिवसाला एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. पण शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला तर व्यापाऱ्याला या नियमातून सूट आहे. म्हणजे देणारा नियमात बसतो, घेणाऱ्याचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी दंड घेणाऱ्याला. नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने शेतकऱ्यांना दिलासा दिला तो एवढाच, की २ लाखांच्या आतली रोख विक्री बिनधोक आहे. शेतकरी असल्यामुळे २६९ एसटी लागत नाही, असं मंडळाने कुठेही म्हटलेलं नाही. हातउसन्यांच्या जुन्या कलमात दोन्ही बाजू शेतकरी असतील आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे. तीच इथेही चालते असं समजून काहीजण उत्तर देतात आणि फसतात.

मग उरतात ती कारणं. २६९ एसटीचा दंड कलम २७१ डीए खाली लागतो आणि त्याच कलमात परंतुक आहे: उल्लंघनामागे 'चांगली आणि पुरेशी कारणं' होती हे सिद्ध केलं तर दंड नाही. जुन्या कलमात 'वाजवी कारण' पुरत होतं, इथे शब्द जरा भारदस्त आहेत. सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावरच आहे.

बागायतदारांचं पहिलं कारण होतं, रविवारी बँक बंद होती. ते मी काढून टाकायला लावलं. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. २०१८ च्या सौद्यात हे कारण उभं राहिलं असतं, २०२३ च्या नाही. शिवाय शुक्रवारी तर बँक उघडीच होती. 'कायदा माहीत नव्हता' हेही एकट्याने टिकत नाही.

खरं कारण ते सांगायलाच लाजत होते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांना ३ लाखांचा चेक दिला होता. चेक परत आला आणि व्यापारी गाव सोडून गेला. आपल्या जिल्ह्यात हे काही नवं नाही; द्राक्षाच्या हंगामानंतर पोलीस ठाण्यात अशा तक्रारींची रांग लागते. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो आणि तक्रारीची पोच त्यांनी जपून ठेवली होती. दुसरं कारण आभाळाचं. त्याच आठवड्यात जिल्ह्यात अवकाळी आणि गारपीट झाली होती. साखर उतरलेल्या मण्यांना पाणी लागलं की तडे जातात, आणि तडे गेलेला माल कोणी उचलत नाही. व्यापारी रोखीवर अडून बसला, खुडा थांबवणं शक्य नव्हतं.

अधिकारी काय विचारेल तेही उघड होतं: बयाणा ऑनलाइन आला, मग बाकी का नाही? व्यापाऱ्याने मजूर आणि गाडीभाड्यासाठी रोकड सोबतच आणली होती आणि ट्रान्सफर 'गाडी पोचल्यावर' करतो म्हणाला होता. गाडी गेल्यावर पैसे, ही अट एकदा पोळलेला माणूस मान्य करणार नाही. हे कारण मला पटलं, कारण त्यामागे कागद होता. सोमवारी २० मार्चला सकाळीच पूर्ण ६,२२,००० रुपये बँकेत भरल्याची पावती होती. रोकड लपवायची असती तर कोणी ती खात्यात टाकली नसती.

उत्तर दोन पानांचं झालं. आधी व्यवहार खरा असल्याचे कागद, मग चेकचा मेमो आणि तक्रार, मग तलाठ्याचा नुकसानीचा पंचनामा आणि त्या आठवड्यातलं हवामान, मग बँकेची पावती, आणि शेवटी पर्यायी मुद्दा म्हणून २,४२,००० चा हिशेब. व्यापाऱ्याचं नाव, पॅन आणि मोबाइल नंबर दिला. नियम मोडला गेला हे पहिल्याच परिच्छेदात मान्य केलं; ते नाकारत बसलो असतो तर कारणं सांगायला तोंडच उरलं नसतं. हा दंड मार्च २०२५ पर्यंत सहआयुक्त लावायचे, आता तो अधिकार कर निर्धारण अधिकाऱ्याकडे आहे. दंडाचा आदेश आलाच तर तीस दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं.

आदेश अजून यायचा आहे. मधल्या हंगामात त्यांनी सौदा पावतीवर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून घेतली: गाडी हलण्याआधी आरटीजीएस. व्यापारी कबूल झाला, पण दर किलोमागे एक रुपयाने पाडून.