आरसी हाय-पास परिपथातील चौरस तरंगाचा माथा-उतार

इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये एक कपॅसिटर आणि आउटपुटपासून जमिनीकडे एक रेझिस्टर, एवढ्यावर आरसी हाय-पास परिपथ पुरा होतो. पाठ्यपुस्तकांत याच परिपथाला डिफरन्शिएटर म्हणतात, पण ते नाव फक्त एका परिस्थितीत खरे असते. चौरस तरंगाच्या अर्ध्या आवर्तकाळापेक्षा RC हा कालस्थिरांक खूप लहान असेल, तर प्रत्येक कडेला एक अणकुचीदार टोक उमटते आणि मधला भाग शून्यावर बसतो. RC खूप मोठा असेल, तर आउटपुट पुन्हा चौरस तरंगासारखेच दिसते. फक्त त्याचे सपाट माथे एका बाजूला किंचित कललेले असतात. या कलाला सॅग किंवा टिल्ट म्हणतात. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या परिस्थितीतला उतार शोधण्याविषयी आहे. टोके उमटणाऱ्या परिस्थितीत सपाट माथाच उरत नाही, त्यामुळे तिथे उतार मोजण्याला अर्थ नाही.

उतार येण्याचे कारण साधे आहे. इनपुटची कड येते त्या क्षणी कपॅसिटरवरचा दाब बदलू शकत नाही, म्हणून इनपुटची पूर्ण उडी जशीच्या तशी आउटपुटवर येते. नंतर इनपुट स्थिर राहते, पण आउटपुटवर दाब असल्यामुळे रेझिस्टरमधून प्रवाह वाहत राहतो. तो प्रवाह कपॅसिटरमधूनच येतो. त्यामुळे कपॅसिटरवर भार साठत जातो आणि तेवढाच दाब आउटपुटमधून कमी होतो.

उदाहरणादाखल ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर घेऊ. RC १० मिलिसेकंद होतो. इनपुट ५०० हर्ट्झचा, शिखर ते शिखर १० व्होल्टचा, वरच्या आणि खालच्या पातळीवर सारखाच वेळ राहणारा चौरस तरंग आहे. अर्धा आवर्तकाळ १ मिलिसेकंद. माथ्यावर आउटपुट सरासरीने ५ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे रेझिस्टरमधून सुमारे ५० मायक्रोअँपियर वाहतात. १ मिलिसेकंदात ५० नॅनोकूलंब भार जमतो आणि ०.१ मायक्रोफॅरडवर त्याचा दाब ०.५ व्होल्ट होतो. माथा एवढाच खाली घसरेल, हे सूत्राशिवायही कळते.

नेमकी किंमत काढताना स्थिरावलेल्या अवस्थेतील सममितीचा आधार घेतात. माथा V1 पासून सुरू होऊन V1' वर संपतो, आणि खालचा तळ त्याचेच उलट रूप असतो. शेवटी येणारी उडी इनपुटच्या शिखर ते शिखर V एवढी असल्याने V1 + V1' = V हे नाते मिळते. T हा पूर्ण आवर्तकाळ धरला तर:

```
x   = T/(2RC)
V1  = V/(1 + e^(-x))
V1' = V1 * e^(-x)
```

वरील उदाहरणात x = 0.1 आहे. V1 येतो ५.२५ व्होल्ट, V1' येतो ४.७५ व्होल्ट, आणि घसरण ०.५० व्होल्ट.

टक्केवारीत मात्र घोळ होतो, कारण भागाकार कशाने करायचा याबद्दल एकमत नाही. रूढ पद्धतीत V/2 ने भागतात, म्हणजे उतार १०.० टक्के. सुरुवातीच्या V1 ने भागले तर ९.५ टक्के, आणि पूर्ण V ने भागले तर ५ टक्के येतात. तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, म्हणून टक्केवारी सांगताना आधार सांगणे आवश्यक आहे. रूढ व्याख्येचा फायदा असा की तिच्यासाठी सोपे सूत्र बराच वेळ टिकते:

```
P = 100 * T/(2RC) = 100 * π * f1/f
f1 = 1/(2πRC)
```

x = 0.5 असताना हे सूत्र ५० टक्के सांगते आणि खरे मूल्य ४९ टक्के असते. x = 1 झाल्यावर १०० विरुद्ध ९२ टक्के असा फरक पडतो. तिथून पुढे माथा सरळ उतरत नाही, तो वक्र होतो, आणि 'उतार' या एका आकड्याने त्याचे वर्णन करणे चुकीचे ठरते. याच सूत्राचा उलट उपयोग जास्त मोलाचा आहे. एखाद्या अँप्लिफायरच्या आत असा एकच हाय-पास परिपथ प्रभावी असेल, तर चौरस तरंगाचा उतार मोजून f1 = P·f/(100π) वरून त्याची खालची कट-ऑफ वारंवारता मिळते. वारंवारता बदलत बदलत टिपणे घेण्याची गरज उरत नाही.

मोजणीत सर्वांत मोठी चूक स्कोपच्या एसी कपलिंगमुळे होते. एसी कपलिंग म्हणजे स्कोपच्या आत असलेला आणखी एक हाय-पास परिपथ. त्याची कट-ऑफ १० हर्ट्झ धरली तर ५०० हर्ट्झला तो एकटाच ६.३ टक्के उतार देतो, आणि लहान उतार एकमेकांत मिळवले जातात. दहाऐवजी सोळा टक्के दिसतात आणि कपॅसिटर सदोष असल्याचा भास होतो. दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर ठेवावेत. आउटपुटची सरासरी शून्यच असल्याने डीसीवर पाहण्यात अडचण नसते. पहिल्या चॅनेलवर इनपुट आधी पाहावे, कारण जनरेटरचाच माथा कललेला असेल तर तो दोष परिपथाच्या माथी जातो.

दुसरी चूक प्रोबची. १ पट प्रोब लावला की स्कोपचा १ मेगाओहम १०० किलोओहमला समांतर येतो. परिणामी रोध ९०.९ किलोओहम होतो आणि उतार ११ टक्क्यांवर जातो. १० पट प्रोबमध्ये १० मेगाओहम असल्याने बदल सुमारे एक टक्क्याचा, म्हणजे १० चे १०.१ एवढाच होतो. मात्र १० पट प्रोबचे कॉम्पेन्सेशन आधी जुळवून घ्यावे. न जुळलेल्या प्रोबची वक्रता माथ्याच्या सुरुवातीलाच उरकते, तर RC चा उतार माथ्याच्या टोकापर्यंत एकसारखा चालतो. दोन्हींतला फरक डोळ्यांना लगेच कळतो.

१० व्होल्टच्या आकृतीत अर्ध्या व्होल्टची घसरण वाचणे कठीण जाते. पोझिशनने माथा मध्यावर आणून व्होल्ट प्रति डिव्हिजन कमी करावे, किंवा वारंवारता २०० हर्ट्झवर आणावी. तेव्हा x = 0.25, माथा ५.६२ पासून ४.३८ व्होल्टपर्यंत येतो आणि १.२४ व्होल्टची घसरण स्पष्ट दिसते. घसरण म्हणजे आउटपुट आणि इनपुट यांच्या शिखर-ते-शिखर मूल्यांतील फरक, हेही गणितात खरे आहे (५०० हर्ट्झला १०.५ वजा १०). पण दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीत स्कोपची काही टक्क्यांची चूकच उत्तर गिळून टाकते, त्यामुळे ती वाट टाळलेली बरी.

जनरेटर शून्य ते १० व्होल्ट असा एकतर्फी असेल, तर सुरू केल्यावर पहिला माथा १० व्होल्टपासून ९.०५ पर्यंत उतरतो. आकृती हळूहळू खाली सरकत शून्याभोवती येते आणि त्याला सुमारे ५ RC, म्हणजे इथे ५० मिलिसेकंद किंवा २५ आवर्तने लागतात. तोवर घेतलेले वाचन वापरू नये. एकच झटका पकडणाऱ्या सिंगल-शॉट मोडमध्ये ही अवस्था हमखास सापडते.

हिशोब आणि मोजणी तरीही जुळत नसतील तर कपॅसिटर तपासावा. ०.१ मायक्रोफॅरडचे अनेक स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर तापमानाने आणि त्यांच्यावरील डीसी दाबाने धारिता गमावतात, आणि धारिता कमी झाली की उतार वाढतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा कपॅसिटर लावून मोजणी पुन्हा करावी. आकडा जुळला तर दोष पहिल्या कपॅसिटरचा होता.