उन्हाळ्यात पुरणारं गरम पाणी थंडीत का पुरत नाही : हॉस्टेलचा हीट पंप

एका हॉस्टेलमधून तक्रार आली होती की हीट पंप बसवल्यापासून आठ महिने मस्त चालला आणि थंडी पडली तसं सकाळी सात वाजताच पाणी कोमट यायला लागलं. १०० मुलं, २००० लिटरची टाकी, २० किलोवॉटची मशीन. आधी येऊन गेलेल्या माणसाने गॅस कमी झालाय असं सांगून गॅस भरला होता, तरी फरक शून्य. मी गेलो तेव्हा मशीन एकदम ठणठणीत होती, चूक होती ती हिशोबात, आणि हा हिशोब कुणालाही कागदावर करता येतो म्हणून नीट सांगतो.

हीट पंप पाणी तापवण्यासाठी विजेपासून उष्णता तयार करत नाही, तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. फ्रिज जसा आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तेच काम उलट बाजूने. म्हणून १ युनिट विजेत ३-४ युनिट उष्णता मिळते. पण हवेतून उष्णता घ्यायची तर आतला गॅस हवेपेक्षा थंड असावा लागतो. हवा ७ अंश असेल तर गॅस शून्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली न्यावा लागतो, आणि इतका थंड गॅस विरळ असतो, कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेरीत कमी गॅस ओढला जातो, म्हणजे उष्णताही कमी येते. मशीनच्या प्लेटवर लिहिलेले २० किलोवॉट, म्हणजे तासाला २० युनिट उष्णता, हे साधारण २० अंशांच्या हवेसाठीचे असतात. हीच मशीन ७ अंशात १४ च्या आसपास देत होती, आणि यात बिघाड काहीच नाही.

आता पाण्याची बाजू बघा. १ युनिट उष्णतेने ८६० लिटर पाणी १ अंशाने तापतं, हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. एका आंघोळीला ४० अंशांचं ४० लिटर पाणी धरू आणि टाकी ५५ अंशांवर. उन्हाळ्यात नळाचं पाणीच २८ अंश असतं, त्यामुळे ४० लिटरमध्ये टाकीतलं जेमतेम १८ लिटर मिसळावं लागतं. थंडीत नळाचं पाणी १५ अंशांवर येतं आणि तीच आंघोळ टाकीतलं २५ लिटर खाते. शिवाय ते २५ लिटर २७ अंशांनी नाही तर ४० अंशांनी वर न्यायचं असतं. १०० मुलांची बेरीज केली की उन्हाळ्यात रोज साधारण ५६ युनिट उष्णता लागते आणि थंडीत ११६. म्हणजे ज्या महिन्यात मशीन सगळ्यात कमी देते त्याच महिन्यात मागणी दुप्पट होते, आणि खरेदी करताना बहुतेक लोक प्लेटवरचा एकच आकडा बघून मोकळे होतात.

त्या हॉस्टेलमध्ये टायमर पहाटे २ ते ६ लावलेला होता, आंघोळी ६ ते ८. उन्हाळ्यात पहाटेसुद्धा मशीन २२ किलोवॉट देत होती, २००० लिटरला लागायची ६३ युनिट, म्हणजे तीन तासांत टाकी तयार. थंडीत त्याच चार तासांत मिळाली १४ चोक ५६ युनिट. ५६ गुणिले ८६० भागिले २००० केलं की २४ अंश येतात, म्हणजे १५ ची टाकी सहा वाजता पोचली ३९ वर. मी पहाटे तिथे उभा राहून डिस्प्ले बघितला तर ३९ च दिसत होता आणि रेक्टर सर म्हणाले, "अहो रोज एवढंच असतं, आम्हाला वाटलं मीटर बिघडलाय." टाकी पूर्ण तापायला ९३ युनिट लागणार होती, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. यालाच रिकव्हरी टाइम म्हणतात, आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो हे टायमर लावणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं.

मशीन खरंच कमी पडतेय का हे बघायला गॅसचा दाब मोजणारं गेज लागत नाही. पाणी कुणी वापरत नसताना मशीन चालू ठेवा, टाकीचं तापमान एका तासात किती वाढलं ते लिहा, त्याला टाकीच्या लिटरने गुणा आणि ८६० ने भागा. तिथे पहाटे तासाला ६ अंश चढत होतं, म्हणजे १४ किलोवॉट, त्या हवेला अगदी बरोबर. हेच दुपारी २४ अंशांच्या हवेत केलं तर ९ अंश चढलं, म्हणजे २१ किलोवॉट. दुपारीसुद्धा ५-६ च आलं असतं तर मी गॅस तपासला असता.

अजून एक गोष्ट हमखास आढळते. मशीनमधून निघणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा बरीच थंड असते, आणि मशीन भिंतींच्या कोपऱ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली की ती आपलीच थंड हवा परत ओढते. जाळीजवळ एक थर्मामीटर आणि दहा फूट लांब मोकळ्यावर दुसरा ठेवला की लगेच कळतं. हवा थंड आणि दमट असेल तर जाळीवर बर्फ धरतो, मग मशीन मधेच उलटी फिरून तो वितळवते, जाळीतून वाफ निघते आणि लोक घाबरतात. ते नॉर्मल आहे, फक्त तेवढा वेळ पाणी तापत नाही.

उपाय म्हणून मोठी मशीन सुचवली गेली होती, मला ते पटलं नाही. दुपारी हवा गरम असते तर उष्णता तेव्हाच उचलून ठेवायची, म्हणजे गरज टाकीची आहे. मात्र टाकीतलं सगळं पाणी कामाला येत नाही, वरून गरम निघतं तसं खालून गार शिरतं आणि मधला थर कोमट होतो, म्हणून मी ८० टक्केच धरतो. त्यात ही मशीन पाणी फिरवून फिरवून थोडं थोडं तापवणाऱ्या प्रकारची, त्यामुळे आंघोळी चालू असताना ती लगेच ५५ अंशांचं पाणी देईल अशी आशा करू नये. लागणार २५०० लिटर, २००० च्या टाकीतून मिळणार १६००. म्हणून आधीच्या टाकीला १००० लिटरची दुसरी सिरीजमध्ये जोडली, गार पाणी पहिलीत शिरतं, बाथरूमची लाइन दुसरीच्या वरच्या तोंडातून निघते. वापरण्यासारखं २४०० झालं, आणि सकाळी मशीन पहिल्या टाकीत शिरणाऱ्या पाण्याला जो हात देते त्यात उरलेले १०० लिटर निघतात.

सकाळच्या आंघोळींची वेळ सोडली तर टायमर ११ वाजता सुरू केला. ३००० लिटरला १४० युनिट, २१ ने भागले तर साडेसहा-पावणेसात तास, संध्याकाळी सहाच्या आत टाक्या भरगच्च गरम. रात्रभरात पाणी गार होईल ही रेक्टर सरांची मुख्य शंका होती, पण दोन इंच पफचं इन्सुलेशन असलेल्या टाकीत सकाळपर्यंत दोन अंशांच्या आसपासच उतरतं, उघड्या पाइपांना मात्र इन्सुलेशन लावावंच लागतं नाहीतर तिथूनच बरंच जातं. वीजही वाचते, दुपारी १ युनिटला ४ मिळत होते तर पहाटे ३ च्या आसपास, म्हणजे १४० युनिटसाठी ४७ ऐवजी ३५. आणि एवढा वेळ पाणी साठून राहणार म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० च्या वर न्यायची सेटिंग केली, कारण कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. त्या दिवशी मशीनला जास्त वेळ लागतो, टायमरमध्ये तासभर वाढवून ठेवलाय.

दुसऱ्या आठवड्यात पहाटे परत गेलो, बाहेर ८ अंश. सहाला दुसऱ्या टाकीवर ५३ होतं, पावणेआठला ४८, आणि शेवटची बॅच अजून आंघोळ करत होती.