वकिलाच्या खांद्यावरची कुंची

हायकोर्टात वकिलाच्या मागे उभं राहिलात तर गाऊनच्या डाव्या खांद्यामागे कापडाचा एक छोटा तुकडा लोंबताना दिसेल. त्यालाच जोडलेली एक अरुंद पट्टी खांद्यावरून पुढे छातीवर येते. हे काय, असं विचारलंत तर बहुतेक वकील हसून सांगतात: फीचा खिसा. बॅरिस्टरने पैसे मागायचे नाहीत, अशिलाने मागून गुपचूप नाणी टाकायची. गोष्ट झकास आहे, पण ती त्या पट्टीपाशी अडते. खिशाला हातभर शेपूट कशाला?

उत्तर मध्ययुगीन युरोपच्या थंडीत आहे. तिथे डोक्यावर हूड घालत, म्हणजे आपली बाळाची कुंचीच: डोकं झाकायचं, खांद्यावर झूल, आणि टोकाला लांब शेपूट. या शेपटाला ‘लिरिपाइप’ म्हणत. पुढे टोप्या आल्या आणि हूड खांद्यावर नुसता टाकून ठेवायची पद्धत पडली. शोकप्रसंगी मात्र तो टिकून राहिला.

1685 मध्ये राजा दुसरा चार्ल्स वारला. लंडनच्या बॅरिस्टरांनी सुतकाचे काळे गाऊन चढवले, ते पुन्हा उतरवलेच नाहीत. खांद्याशी दाट चुण्या, घंटेसारख्या रुंद बाह्या आणि खांद्यावर शोकाचा हूड. तो आक्रसत गेला. आज लोंबतो तो तुकडा म्हणजे कुंची, आणि पट्टी म्हणजे तिचं शेपूट. वकिलीचा झगा हे असं तीनशेहून जास्त वर्षं न फिटलेलं सुतक आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार गाऊन सक्तीचा आहे तो फक्त सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टांत.

पदवीदान समारंभातला हूड याच कुंचीचा सख्खा भाऊ. तो खांद्यावर न आक्रसता पाठीवर उतरला आणि मोठाच राहिला, कारण त्याला अस्तर दाखवायचं काम मिळालं. केंब्रिजच्या एम. ए. चा हूड बाहेरून काळा, आतून पांढरं रेशीम. अमेरिकेत 1895 मध्ये एकच संहिता ठरली. तिच्या आजच्या रूपात हूडची लांबी पदवी सांगते: बॅचलरला तीन फूट, मास्टरला साडेतीन, डॉक्टरेटला चार. मखमली काठाचा रंग विषय सांगतो, कायद्याला जांभळा, वैद्यकाला हिरवा. अस्तराचे रंग विद्यापीठाचे. म्हणून हूड पाठीवर थोडा उलटवून नेसवतात. उलटवला नाही तर नुसतं काळं कापड दिसतं आणि विद्यापीठाचा पत्ताच लागत नाही.

सगळं वजन मागे असल्यामुळे गळ्याची पट्टी हळूहळू वर सरकते आणि फोटोच्या वेळेपर्यंत गळ्याला काचते. त्यासाठी पट्टीच्या पुढच्या टोकाला बऱ्याचदा दोऱ्याचा फासा असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. साडी नेसलेली असेल तर सेफ्टी पिन, आणि तीही पदरासकट ब्लाउजला.