‘कट्’ असा आवाज आणि लगेच ढिलेपणा: सकाळची वाट बघू नका

जत तालुक्यातलं एखादं गाव धरू. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. संबंध चालू असताना बायको वर आहे. हालचालीच्या भरात लिंग योनीतून निसटतं आणि परत आत जाण्याऐवजी तिच्या समोरच्या हाडावर आदळून वाकतं. ‘कट्’ असा आवाज दोघांनाही ऐकू येतो. नवऱ्याला जोराची कळ येते, ताठरपणा काही सेकंदांत जातो आणि बघता बघता लिंग सुजून काळं-निळं व्हायला लागतं. बायको म्हणते, “अहो, आत्ताच निघूया.” तो म्हणतो, “सकाळी बघू. एवढ्या रात्री कुणाला काय सांगायचं?”

इथे बायकोचं बरोबर आहे. याला डॉक्टर पेनाइल फ्रॅक्चर म्हणतात. लिंगात हाड नसतं, मग मोडतं काय? लिंगाच्या लांबीत शेजारी शेजारी दोन नळ्या असतात. त्या स्पंजासारख्या ऊतीच्या असतात आणि त्यांच्यात रक्त भरलं की ताठरपणा येतो. या नळ्यांभोवती पांढऱ्या, चिवट तंतूंचं एक आवरण असतं. लिंग शिथिल असताना ते साधारण 2 मिलिमीटर जाड असतं. ताठरपणात ते चहूबाजूंनी ताणलं जाऊन जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर उरतं. त्यात आतून रक्ताचा दाब असतोच. अशा वेळी लिंग अचानक वाकलं की तो दाब क्षणभर कित्येक पटींनी चढतो आणि आवरण फाटतं. तोच तो आवाज. शिथिल लिंगाला मार लागला तर असं सहसा होत नाही, कारण तेव्हा आवरण जाड आणि सैल असतं.

आवरण फाटलं की आत कोंडलेलं रक्त बाहेर कातडीखाली पसरतं, म्हणून ताठरपणा ताबडतोब जातो. फाटलेल्या बाजूला रक्ताची गाठ साचते, त्यामुळे लिंग विरुद्ध बाजूला झुकतं. सूज आणि जांभळट काळा रंग बघून डॉक्टर वांग्याची उपमा देतात, आणि कृष्णाकाठच्या माणसाला ती वेगळी समजावून द्यायला नको. या आवरणाच्या बाहेर, कातडीखाली आणखी एक पडदा असतो. रक्त त्यात अडलं तर सूज लिंगापुरती राहते. तो पडदाही फाटला तर काळेपणा अंडकोशाच्या पिशवीवर आणि त्यामागे जांघांच्या मधल्या भागात उतरतो.

आवाज, ताठरपणा लगेच जाणं आणि सूज या तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या तर निदान जवळजवळ झालंच म्हणा. दुखणं किती आहे यावर मात्र विसंबू नका. काहींना कळ फार वेळ टिकत नाही, आणि तेवढ्यावरच ‘बरं होतंय’ असं वाटून माणूस घरी थांबतो. कधी कातडीखालची नुसती एखादी शीर फुटते. तेव्हाही सूज आणि काळेपणा येतो, पण ताठरपणा सहसा असा झटक्यात जात नाही. हा फरक घरी बसून ठरवायचा नसतो. तो दवाखान्यात सोनोग्राफीने किंवा एमआरआयने पाहता येतो, आणि तरीही शंका उरली तर सर्जन उघडून बघतात. उघडल्यावर नुसती शीरच निघाली तर फारसं बिघडत नाही. फाटलेलं आवरण तसंच राहून गेलं तर मात्र बिघडतं.

आणखी एक गोष्ट मुद्दाम बघायची. लघवीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसतो का, लघवी लाल होते का, किंवा लागूनही होत नाही का? यातलं काहीही असलं तर मूत्रनलिकाही फाटलेली असू शकते. होत नसेल तर जोर लावून करू नका. लघवी साफ झाली म्हणून नलिका शाबूत आहे, असंही नाही. ती सर्जनना तपासावीच लागते.

आता जतच्या त्या घरात काय करायचं ते बघू. संबंध तिथेच थांबवायचा. लिंग हाताने सरळ करायचं नाही, चोळायचं नाही, तेल किंवा मलम लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं वरून धरायचा, थेट कातडीवर नाही. सैल चड्डी घालून लिंग पोटाच्या बाजूला वर टेकवून ठेवायचं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन नको, कारण त्याने रक्त जास्त वाहतं. चहा-पाणी, जेवण काही घ्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी बरोबर घ्यायची.

गाडी नसेल तर 108 ला फोन करा. जतहून मिरज-सांगली म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. निघतानाच तिथल्या दवाखान्यात फोन करून युरोलॉजिस्ट किंवा जनरल सर्जन आत्ता मिळतील का ते विचारा, म्हणजे मध्येच दुसरीकडे वळावं लागत नाही. कॅज्युअल्टीत लाजेने ‘पडलो’ असं सांगू नका. त्याने डॉक्टर भलतंच शोधत बसतात आणि तास जातो. इतकंच सांगा: “संबंधाच्या वेळी कट् आवाज आला, लगेच ढिलं पडलं आणि सूज आली. साडेअकराला झालं. जेवण नऊला.” ड्यूटीवरच्या डॉक्टरांना याहून जास्त काही नको असतं.

शस्त्रक्रिया कमरेत भूल देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करतात. टोकाच्या बोंडामागे गोल छेद घेऊन कातडी मोज्यासारखी मागे सरकवतात, साचलेलं रक्त काढतात, फट शोधतात आणि आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. फट बहुतेक वेळा आडवी आणि एक-दोन सेंटिमीटरची असते. मूत्रनलिका फाटली असेल तर तीही त्याच वेळी शिवतात, आणि मग लघवीची नळी दोन-तीन आठवडे ठेवावी लागू शकते. फक्त आवरणच फाटलं असेल तर नळी लवकर निघते. या छेदात पुढची कातडी राहणार की काढणार, हे आधीच विचारून घ्या. नंतर बघून धक्का बसण्यापेक्षा ते बरं.

पहिल्या 24 तासांत शिवलं तर उत्तम. दोन-चार दिवस गेले असतील तरी जायचंच, तेव्हाही दुरुस्ती होते. गेलाच नाहीत तर फाटलेली जागा आडवीतिडवी भरते आणि तिथे कडक वण तयार होतो. मग ताठरपणात लिंग वाकडं होतं, दुखतं, किंवा पुरेसा ताठरपणा येतच नाही. हा त्रास उपचार घेणाऱ्यांपेक्षा घरी थांबलेल्यांत जास्त दिसतो.

घरी आल्यावर साधारण सहा आठवडे संबंध आणि हस्तमैथुन बंद. झोपेत आपोआप येणाऱ्या ताठरपणाने टाके दुखतात. तो थोडासा आला म्हणून घाबरायचं नाही, पण फार त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी देतात. ताप, पू, वाढती सूज किंवा लघवीची धार बारीक होणं यातलं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जायचं. मूल होईल का, हा प्रश्न नवरे तोंडाने विचारत नाहीत, पण मनात असतो. वीर्यातले शुक्राणू अंडकोशात तयार होतात आणि ही इजा तिथे पोचत नाही.

बायकोने स्वतःला दोष देऊ नये. ती वर असताना हे घडू शकतं, कारण लिंग निसटलं तरी तिचं वजन खाली येत असतं आणि नवऱ्याला थांबवायला वेळ मिळत नाही. पण इतर स्थितींतही घडतं, झोपेत कूस बदलताना घडतं, आणि ताठ लिंग कुणाला दिसू नये म्हणून हाताने दाबून वाकवतानाही घडतं. पुढे संबंध सुरू करताना निसटतंय असं जाणवलं की दोघांनीही तिथेच थांबायचं, आणि हाताने जागेवर आणूनच पुढे सरकायचं.