पंच, रजा आणि मधला रविवार : हजेरीच्या हिशेबाची पार्श्वभूमी

कागदी मस्टर होतं तोवर हजेरी आणि रजा यांचा मेळ घालण्याची वेळच येत नसे. एका तारखेला एकच चौकट असायची. टाइम ऑफिसातला माणूस तिच्यात हजर, गैरहजर किंवा रजा यांपैकी एक काहीतरी लिहायचा. रजेचा अर्ज त्याच्याच टेबलावर असायचा, त्यामुळे शंका आली तर तिथल्या तिथे मिटायची. वशिलेबाजीही तिथेच चालायची, हे मात्र खरं.

बोटाचं मशीन आलं आणि या चौकटीचे दोन भाग झाले. मशीनला फक्त पंच, म्हणजे आत-बाहेर जाताना लावलेलं बोट, कळतो. कोणी रजा मंजूर केली, ते दुसऱ्याच नोंदीत असतं. केंद्र सरकारच्या कार्यालयांत २०१४ पासून आधारवर आधारित हजेरी आली, तोवर खासगी कारखान्यांत मशीनं रुळू लागली होती. मार्च २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने ती अनेक ठिकाणी बंद झाली. पुढे चेहरा ओळखणारी यंत्रं आणि मोबाइलवरून लागणारी हजेरी आली, म्हणजे जुळवायच्या नोंदींत भरच पडली. तिसऱ्या पाळीचा घोळ तर सर्वांच्या ओळखीचा आहे : रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर, तारखेनुसार पंच जोडणारं सॉफ्टवेअर सकाळचा ‘आउट’ आणि त्याच रात्रीचा ‘इन’ एकाच दिवसाचे समजतं. पंच कॅलेंडरच्या तारखेऐवजी पाळीच्या तारखेला बांधले की हा प्रश्न सुटतो.

‘सँडविच’चा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. शनिवारी आणि सोमवारी माणूस आला नाही, तर मधला रविवार कशात धरायचा? सुट्टी लांबवण्याची सवय मोडते म्हणून रविवारही कापावा, हा व्यवस्थापनांचा युक्तिवाद. त्यासाठी सरकारी नियमांचा दाखला दिला जातो, कारण तिथे अर्जित रजेच्या मधे आलेले रविवार रजेतच मोजतात. पण सरकारी नोकराला वर्षाला मिळणारी ३० दिवसांची अर्जित रजा मुळातच कॅलेंडरच्या दिवसांत मोजलेली असते; तिथे रविवार धरणं हिशेबाला धरून आहे. कारखान्यातली रजा वीस दिवस काम केल्यावर एक दिवस अशी कमावलेली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ७९ मध्ये स्पष्टच म्हटलं होतं, की मधे किंवा टोकाला येणाऱ्या सुट्ट्या या रजेत धरायच्या नाहीत. एका हिशेबातला नियम उचलून दुसऱ्यात बसवला गेला, आणि पुढे तो सॉफ्टवेअरमधली एक टिकमार्क होऊन बसला.

रजा मंजूरच नसेल तर? इथे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याचं कलम ९ कामी यायचं, आणि त्याचं तत्त्व आजही तेच आहे. वेतनाच्या काळात माणसाला जेवढा काळ काम करणं बंधनकारक होतं, त्याच्याशी गैरहजेरीचं जे प्रमाण पडतं, त्यापेक्षा जास्त कपात करता येत नाही. रविवारी काम करायचंच नव्हतं, तर तो गैरहजेरीत येणार कसा?

महिन्याचे २०,८०० रुपये मिळवणारा एक कामगार घेऊ. महिना ३० दिवसांचा, रविवार चार, म्हणजे कामाचे दिवस २६ आणि रोज ८०० रुपये. २० तारखेचा शनिवार आणि २२ चा सोमवार, दोन्हीकडे पंच नाही, म्हणून गैरहजेरीचा A, A. सँडविच लागू असल्याने २१ चा WO, म्हणजे साप्ताहिक सुट्टी, सुद्धा A होतो आणि २,४०० रुपये कापले जातात. कायद्याच्या प्रमाणात ते १,६०० च असायला हवे होते. २६ ने भागताना रविवारची किंमत शून्य धरलेली असते, आणि कापताना त्याच रविवारचे ८०० लावले जातात. हाच नियम महिनाभर गैरहजर असलेल्याला लावला, तर ३० गुणिले ८०० म्हणजे २४,००० ची कपात होते, पगारापेक्षाही जास्त.

याच कामगाराने रजेचा अर्ज वेळेवर दिला होता, पण सुपरवायझरने तो २८ तारखेला मंजूर केला, असं समजू. पगार वेळेत काढायचा म्हणून हजेरी बऱ्याच ठिकाणी २५ च्या आसपास गोठवतात. पुढच्या महिन्यात २० आणि २२ ला PL, म्हणजे कमावलेली रजा, लागते आणि १,६०० रुपये थकबाकी म्हणून परत येतात. २१ तारीख A च राहते, कारण त्या दिवसासाठी अर्जच नव्हता आणि दुरुस्ती फक्त अर्जाच्या तारखांना लागते. दोन्ही बाजूंना PL आणि मधे एकटा A असलेल्या ओळी मागच्या महिन्याच्या पत्रकात चाळल्या, की अशी अडकलेली प्रकरणं सापडतात. रजा आधी चढवून साप्ताहिक सुट्टीचा निर्णय शेवटी करायचा, आणि रजेत बदल झाला की शेजारचे WO पुन्हा तपासायचे, असा क्रम ठेवला तर ती तयारच होत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. कपातीच्या प्रमाणाचं तत्त्व तिने तसंच ठेवलं आणि जुन्या कायद्याची पगारमर्यादा काढली, त्यामुळे हा वाद आता कारकून आणि मॅनेजर यांच्या पत्रकापर्यंत पोचतो. मासिक पगारासाठी पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाची मुदत आहे. पूर्वी हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांना दहावा दिवस मिळायचा. उशिरा मंजूर होणाऱ्या रजांसाठी मोठ्या कारखान्यांकडे आता ते तीन दिवसही उरलेले नाहीत.