संत्र्याची फोड आणि फाशांचे ठिपके

माझी भाची सई हिचा दहावा वाढदिवस फेब्रुवारीत होता आणि मी नागपुरात सीताबर्डीच्या एका खेळण्यांच्या दुकानात तासभर उभा होतो. मांडणीवरचा जवळपास प्रत्येक खोका काही ना काही वाढवायला निघाला होता. कुणी स्मरणशक्ती वाढवत होतं, कुणी एकाग्रता, कुणी थेट बुद्ध्यांक. दुकानदार म्हणाला, "सर, हा घेऊन जा, यानं मॅथ्स पक्कं होते." मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे "पक्कं होते" म्हणजे नक्की कशानं, हा प्रश्न मला तिथेच पडला.

या दाव्याची तपासणी झालेली आहे, आणि तीही नेमकी याच वयाच्या मुलांवर. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळांतली नऊ-दहा वर्षांची सुमारे ४,००० मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शाळांची विभागणी केली. काही शाळांमध्ये वर्षभरात वर्गाच्या वेळेतच सुमारे ३० तास बुद्धिबळ शिकवलं, उरलेल्या शाळांत नेहमीचे तास झाले. त्यानंतर एका वर्षाने गणिताची परीक्षा पाहिली, तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हा अहवाल २०१६ साली आला. मुलं बुद्धिबळ शिकली, पण त्या शिकण्याने अपूर्णांक आपोआप सुधारले नाहीत.

बुद्धिबळ मला स्वतःला फार आवडतं, म्हणून हा निष्कर्ष पचायला मला वेळ लागला. पण खेळ निवडताना तोच कामाला येतो. मुलाचा हात आणि डोकं खेळात जे काम करतात, तेच कौशल्य वाढतं. खोक्यावर काय छापलंय त्याने काही होत नाही. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: आपली पाळी आली की मुलाला काय ठरवावं लागतं?

सापशिडीत काहीच ठरवावं लागत नाही. फासा पडतो, सोंगटी सरकते. चार वर्षांच्या मुलाला आकडे मोजायला ती उत्तम आहे, दहा वर्षांच्या मुलासाठी तिच्यात काही उरत नाही. ल्युडोत कोणती सोंगटी हलवायची एवढं तरी ठरवता येतं. मी सईसाठी घेतला तो 'कटान'. जर्मनीत १९९५ साली आलेला, क्लाउस टॉयबर यांनी रचलेला हा खेळ साधारण दहा वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे. त्यातलं एकच अंग मी इथे सांगतो, कारण मला हवं ते कौशल्य त्यातच होतं.

पटावर षटकोनी जमिनी असतात आणि वाळवंट सोडून प्रत्येक जमिनीवर एक आकडा. दोन फासे टाकायचे. बेरीज जितकी येईल त्या आकड्याच्या जमिनीवर ज्याचं घर असेल त्याला लाकूड, धान्य वगैरे मिळतं. म्हणजे घर कुठे बांधायचं, हे सुरुवातीलाच ठरवायचं. सईने पहिलं घर १२ च्या जमिनीवर बांधलं. "मोठा आकडा आहे ना, मामा!" पहिला अर्धा तास तिला त्या जमिनीवरून काही मिळालं नाही आणि ती चिडली.

मी तिला चौकटीची वही आणायला सांगितली. एक लाल फासा, एक पिवळा. लाल फाशाचे सहा आकडे आडवे, पिवळ्याचे सहा उभे, मध्ये छत्तीस चौकोन, प्रत्येकात बेरीज. ती लिहीत गेली. १२ एकाच चौकोनात आला, सहा-सहाच्या. ८ पाच चौकोनांत आला. इथे तिने हुज्जत घातली की दोन-सहा आणि सहा-दोन एकच आहे. दोन्ही फासे एकाच रंगाचे असते तर तिला पटवणं मला जड गेलं असतं; रंग वेगळे म्हणून "लाल दोन, पिवळा सहा" आणि "लाल सहा, पिवळा दोन" हे वेगळे असल्याचं तिला डोळ्यांनी दिसलं. मग ती पटाकडे बघून ओरडली. कटानमध्ये प्रत्येक आकड्याखाली बारीक ठिपके असतात. ८ खाली पाच, १२ खाली एक. तिने वहीत मोजलेल्या चौकोनांचीच ती संख्या होती. ७ चे चौकोन सर्वांत जास्त, सहा, आणि पटावर ७ च्या आकड्याची जमीनच नाही. ७ पडला की दरोडेखोराची सोंगटी हलते.

यापुढची पायरी बहुतेक घरांत सुटते, म्हणून ती सांगतो. एका डावात हे गणित खोटं ठरू शकतं. दुसऱ्याच संध्याकाळी १२ तीनदा पडला आणि ज्याने तिथे घर बांधलं होतं तो तिचा बाबा जिंकला. आम्ही मग प्रत्येक फेकीला वहीत रेघ मारायला लागलो. चार डावांत २५० च्या आसपास फेकी झाल्या: ८ आला ३७ वेळा, १२ आला ६ वेळा. छत्तीसातले पाच आणि छत्तीसातला एक या हिशेबाने साधारण ३५ आणि ७ यायला हवे होते. थोड्या फेकींत नशीब दिसतं आणि पुष्कळ फेकींत ठिपके दिसतात, हे दहाव्या वर्षी कुणी हाताने अनुभवलं तर शाळेत संभाव्यता शिकवायला आम्हाला पुढे सोपं जातं. तिचं पाठांतर किंवा इंग्रजी यातून सुधारेल असं मी म्हणत नाही.

विज्ञान किट निवडताना प्रश्न थोडा वेगळा असतो: यातली एक गोष्ट बदलून, बाकी सगळं तसंच ठेवून, काय होतं ते बघता येतं का? ज्वालामुखीच्या किटात सोडा आणि व्हिनेगर एकदा फेसाळलं की सामान संपतं. सोबत मोजायचा चमचा आणि तीन-चार वेळा पुरेल एवढा सोडा असेल तर तेही चांगलं किट होतं, पण तसं क्वचित मिळतं. मी विजेच्या मंडलाचं किट घेतलं: दोन सेलचा डबा, वायरी, चिमटे, छोटी मोटर, रेझिस्टर लावलेल्या एलईडी. खोका उघडण्याआधी मी पाहिलं ते एवढंच, की सेल साधे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे आहेत आणि वायरींची टोकं उघडी आहेत. टोकं उघडी असली की पुस्तिकेबाहेरचं काही जोडता येतं.

ते जोडायचं बाहेरचं काही आमच्याकडे त्या दिवसांत टोपलीभर होतं. मृग बहाराची संत्री. संत्र्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याच्या जाड तारेचा तुकडा खोचला की त्यांच्यात साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला लुकलुकायला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, म्हणून एका संत्र्यावर ती लागत नाही. सईने हे पाहिलं आणि स्वतःच ठरवलं की तीन जोड्या करायच्या. तिने एकाच संत्र्यात तीन खिळे आणि तीन तारा खोचल्या, एकीचं तांबं दुसरीच्या खिळ्याला असे चिमटे लावले. एलईडी लागेना.

"मामा, हा काहून नाही लागून राहिला?"

एलईडी उलटी लागली असेल म्हणून तिने पाय बदलून पाहिले. लांब पाय तांब्याच्या बाजूला, आखूड खिळ्याच्या. तरी नाही. एलईडीच बिघडली असेल म्हणून किटाच्या सेलच्या डब्यावर लावली, तिथे लख्ख लागली. म्हणजे दोष संत्र्यात. मी मल्टिमीटर दिला: तीन जोड्या असूनही आकडा एकीच्याच जवळपास. आतला रस सगळा एकच असल्याने तिन्ही जोड्या आतून एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे व्होल्ट एकावर एक चढत नव्हते. तिने तीन वेगळी संत्री घेतली. मी खोलीतला दिवा बंद केला. एलईडी मंद, पण स्पष्ट लाल दिसली.

मग तिने जे केलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. एक संत्रं सोललं आणि तीन फोडी ताटलीत एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवल्या. प्रत्येक फोडीत खिळा आणि तार. एलईडी लागली, आधीपेक्षा मंद. एकच संत्रं, पण फोडी वेगळ्या. तिच्या डोक्यात "वेगळं असणं" हे कारण म्हणून पक्कं झालं ते इथे. मोटर मात्र दहा संत्र्यांवरही फिरली नसती, कारण संत्र्यातून मिळणारा प्रवाह फारच थोडा असतो. वीज संत्र्यातून येते असंही नाही. आंबट रसात जस्त विरघळतं, ऊर्जा त्यातून येते. दोन दिवसांनी खिळ्याची चकाकी गेलेली तिने पाहिली. ती संत्री आम्ही खाल्ली नाहीत, कारण जस्त त्यांच्या रसात उतरलं होतं.

आता राहिला भरवशाच्या उत्पादकाचा मुद्दा. मागच्या वर्षी नातेवाइकांनी दिलेल्या एका किटात बटणासारखा चपटा सेल होता आणि त्याचं झाकण नखाने उघडत होतं. सईचा भाऊ दोन वर्षांचा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. सुटे, ताकदवान बारीक लोहचुंबकही तसेच: दोन गिळले गेले तर आतड्याच्या वळ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटतं. दहा वर्षांचं मूल गिळणार नाही हे खरं, पण किट जमिनीवर पसरलेलं असतं आणि धाकटं रांगत येतं. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का, हे मी दुकानातच हाताने बघतो.

त्यानंतर खोका उलटा करतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, बाहेरून आलेल्या खेळण्यांवरसुद्धा. विजेवर चालणाऱ्या खेळण्यासाठी चिन्हाच्या वर आयएस १५६४४ असतं, बाकीच्यांसाठी आयएस ९८७३. या दुसऱ्या मानकाच्या एका भागात रंगातून शिसं वगैरे किती सुटावं याची मर्यादा आहे. चिन्हाच्या खाली CM/L- ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि खरी गोष्ट तिथे कळते. फोनवर BIS Care अॅप उघडून, परवाना तपासण्याच्या जागी तो क्रमांक टाकायचा. ज्या कंपनीचं नाव येतं तेच खोक्यावर आहे का, परवाना चालू आहे का, आणि कोणत्या मानकासाठी आहे, एवढं बघायचं. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतो. सीई हे युरोपातलं चिन्ह खेळण्यांवर बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतःच जाहीर केलेलं असतं, म्हणून मी त्यावर थांबत नाही. चित्रात सहा-सात वर्षांचं पोर आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत "१४ वर्षांवरील" असेल, तर तो खोका मी तसाच परत ठेवतो.

चिन्हाने सुरक्षितता कळते, टिकाऊपणा कळत नाही. त्यासाठी मी उत्पादकाचा पत्ता आणि फोन क्रमांक खोक्यावर आहे का ते पाहतो, आणि एखादा तुकडा हरवला तर मिळेल का हे विचारतो. जर्मनीच्या राव्हेन्सबुर्गर आणि कॉसमॉस या जुन्या कंपन्या सुटे भाग पुरवतात. मूळ जर्मन कटान कॉसमॉसचाच. आपल्याकडे एमआरएफ समूहाच्या फनस्कूलचे गोवा आणि राणीपेटला कारखाने आहेत, आयआयटी दिल्लीच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली स्मार्टिव्हिटी पुठ्ठ्या-लाकडाची जोडायची यंत्रं बनवते. नाव ओळखीचं असलं तरी क्रमांक मी तपासतोच.

त्या दिवशी दुकानदाराने मला क्रमांक टाकताना पाहिलं आणि तोही वाकून बघायला लागला. पहिल्या किटाचा क्रमांक टाकला तर भलत्याच कंपनीचं नाव आलं. त्याने तो खोका माझ्या हातातून घेतला, मागच्या बाजूला ठेवला आणि मांडणीवरचे त्याच कंपनीचे उरलेले तीन खोके काढायला सुरुवात केली.