‘डार्क’ मालिकेतलं तेहेतीस वर्षांचं गणित

‘डार्क’ ही जर्मन मालिका तिसऱ्या भागात सोडून देणारे मला नेहमी भेटतात. “कोण कुणाचा कोण, तेच कळत नाही,” ही त्यांची तक्रार. माझ्या मते माणसं नंतर कळतात, आधी घड्याळ कळायला हवं. पुढे रहस्यफोड नाही, निर्धास्त वाचा.

पहिल्या सीझनमध्ये विंडेन गावाखालची गुहा १९५३, १९८६ आणि २०१९ ही तीन वर्षं जोडते. बहुतेकांना वाटतं की गुहा एका ठरावीक तारखेला नेऊन सोडते. तसं नाही. ती फक्त ३३ वर्षांचं अंतर कायम ठेवते. तुम्ही १९८६ मध्ये तीन दिवस राहिलात, तर तिकडे २०१९ मध्येही तीन दिवस उलटलेले असतात.

समजा, १९७० साली जन्मलेली एक बाई २०१९ मध्ये गुहेत शिरली. वय ४९. बाहेर आली ती १९८६ मध्ये. वय ४९च, पण त्याच गावात सोळा वर्षांची ती स्वतः शाळेत जाते आहे. ती तिथेच चार वर्षं राहिली. आता साल १९९०, थोरली ५३ वर्षांची आणि धाकटी २०. फरक ३३चाच. ती त्याच वाटेने परतली तर पोचेल २०२३ मध्ये, वय ५३, म्हणजे जन्मसालाशी हिशेब पुन्हा चोख.

यातून एक सूत्र निघतं:

वय = साल − जन्मसाल + ३३ × (मागच्या उड्या − पुढच्या उड्या)

२०१९ मधून थेट १९५३ गाठलं तर दोन उड्या धरा. नवा चेहरा दिसला की वयाचा अंदाज घ्या आणि सूत्रात घाला. उत्तर जुळलं नाही तर तुमचं जन्मसाल किंवा उड्यांची मोजणी चुकली आहे. पुढच्या सीझनमध्ये प्रवासाचे इतर मार्ग येतात, तिथे मात्र हे सूत्र डोळे मिटून वापरू नका.

तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ च्या एका लेखात हाच भेद मांडला: प्रवाशाचा वैयक्तिक काळ वेगळा, बाहेरचा काळ वेगळा. केस पिकतात, भूक लागते ती पहिल्या काळानुसार. भिंतीवरचं कॅलेंडर दुसऱ्यानुसार चालतं. म्हणून वहीत प्रत्येकासाठी एक रेघ ओढा आणि प्रसंग कॅलेंडरच्या नव्हे, त्या माणसाच्या वयाच्या क्रमाने मांडा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांचा घोळ तिथेच मिटतो.

राहिला प्रश्न ३३ का, याचा. मालिका चांद्र-सौर चक्राचा दाखला देते. ३४ चांद्रवर्षं आणि ३३ सौरवर्षं जवळपास सारखी भरतात, म्हणूनच रमजान ईद साधारण ३३ वर्षांनी त्याच हंगामात येते. पण ‘जवळपास’ म्हणजे सुमारे साडेचार दिवसांची तफावत. सगळं विश्व पुन्हा त्याच जागी येतं वगैरे अंकशास्त्रवाल्यांना बरं वाटेल. ग्रह काही ३३ चा पाढा म्हणत फिरत नाहीत.